वारस नोंदीचे 8,000 रुपये

लाच म्हटली की कोट्यवधींचे व्यवहार डोळ्यांसमोर येतात. इथे रक्कम 8,000 आहे, काम पूर्णपणे कायदेशीर आहे आणि पैसे देणारा माणूस चांगला आहे. म्हणूनच हे प्रकरण मांडतोय. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव, महिने आणि काही तपशील बदलले आहेत.

पुण्याच्या कडेचं एक गाव. वस्ती शहरासारखी झाली आहे, पण शेतजमिनीचे सातबारे अजून तलाठ्याकडेच आहेत. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी लोक तलाठीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) दिवाळीच्या सुमारास वडील गेले. मागे आई, मोठा मुलगा आणि दोन मुली. वडिलांच्या नावावर 22 गुंठे जमीन. मार्चमध्ये ती विकायचं ठरलं, इसार पावती झाली आणि जूनअखेर खरेदीखत करून द्यायचं कबूल झालं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन करायचं होतं, धाकटीच्या घराचे हप्ते थकले होते. पैशांची गरज खरी होती.

खरेदीखतासाठी आधी चौघांची नावं सातबाऱ्यावर लागायला हवीत. वारस नोंदीची वाट ठरलेली आहे. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि सातबारा जोडून अर्ज द्यायचा. तलाठी वारस नोंदवहीत नोंद घेतो आणि चौकशी करतो. वारस ठरले की फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते. हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे लोकांच्या भाषेत सर्कल, नोंद मंजूर करतो. वारसाहक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कळवावं, असं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 सांगतो. या घरानं अर्ज दिला एप्रिलमध्ये, वडील जाऊन सहा महिने होत आले तेव्हा. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

भावानं अर्ज कार्यालयात नेऊन दिला. तलाठी नव्हते. त्यांच्या टेबलाशी बसणाऱ्या मदतनीसानं तो घेतला. अशा माणसाला आपल्याकडे झिरो म्हणतात. तो सरकारी नोकर नसतो, पगारपत्रकावर त्याचं नाव नसतं, पण दप्तर कुठे आहे आणि कोणता अर्ज कुठल्या गठ्ठ्यात आहे हे त्याला माहीत असतं. त्याचं पोट लोकांच्या पैशांवर चालतं. भावानं पोच मागितली नाही. झिरोनं दिली नाही.

पुढचा महिना असाच गेला. पहिल्या खेपेला सर्व्हर बंद होता. दुसऱ्या खेपेला साहेब तहसीलला मीटिंगला गेले होते. मग सांगण्यात आलं की प्रतिज्ञापत्रात आत्याचा उल्लेख नाही, तो हवा. खरं तर वडिलांच्या पश्चात पत्नी आणि मुलं असताना वडिलांची बहीण वारस होत नाही. तरी भावानं नवं प्रतिज्ञापत्र करून आणलं. तेव्हा पुन्हा सर्व्हर बंद होता.

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरा उशीर आणि मुद्दाम केलेला उशीर वेगळे ओळखता आले नाहीत तर पुढची सगळी चर्चा हवेत राहते. एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा, म्हणजे गावांच्या गटांचा, कारभार असणं आपल्याकडे नवं नाही आणि ऑनलाइन प्रणाली कधीकधी खरोखर बंद असते. पण खऱ्या उशिराचं कारण दर खेपेला बदलत नाही आणि खरी त्रुटी कागदावर लिहून मिळते. इथे काहीच लेखी नव्हतं. आणि सगळ्यात मोठी खूण नंतर दिसली: पैसे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी नोंद धरली गेली. सर्व्हर आड आला नाही, आत्याची आठवणही कोणाला झाली नाही.

मागणी सरळ शब्दांत झालीच नाही. झिरो म्हणाला, "दादा, साहेबांकडे तीन सजा आहेत. तुमचं मी मनावर घेऊन करतो, पण वरचंही बघावं लागतं." आकडा निघाला 12,000. घासाघीस होऊन 8,000 वर आला. पैसे कार्यालयात नाही, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात द्यायचे ठरले. बोलता बोलता त्यानं आणखी एक विचारलं: "बहिणींची नावं लावायचीच का? नाही लावली तरी जमतंय बघा, थोडं वाढवून द्यावं लागेल."

भावानं तिथल्या तिथे नाही म्हटलं. हे त्याच्या बाजूनं ठळकपणे नोंदवायला हवं. बहिणींचा वाटा खायचा त्याचा विचार कधीच नव्हता.

मेच्या शेवटी नोंद धरली गेली. 15 दिवसांची नोटीस मात्र कोणत्याही पैशानं कमी होत नाही, ती पूर्ण झाली. जूनच्या मध्यावर सर्कलनं नोंद मंजूर केली आणि महिनाअखेर खरेदीखत झालं. भावानं सगळ्या खर्चाचा हिशेब वहीत लिहिला: प्रतिज्ञापत्रं, वकील, झेरॉक्स, रिक्षा, आणि एका ओळीत "तलाठी ऑफिस 8,000". एकूण भागिले चार. थोरल्या बहिणीनं तो हिशेब पाहिला आणि म्हणाली, "यातले माझ्या वाट्याचे 2,000 मी देणार नाही."

घरात भांडण पेटलं ते इथे. भावाचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. तो म्हणाला, "मी काही चुकीचं करून घेतलं नाही. आपलं होतं तेच मागितलं. हेलपाटे मी मारले, अपमान मी गिळला. तू पुण्यात ऑफिसात बसून तत्त्वं सांगतेस. आणि बघ, तुझं नाव काढायची गोष्ट निघाली तेव्हा मीच नाही म्हटलं."

शेवटचं वाक्य त्यानं स्वतःच्या बाजूनं सांगितलं होतं. बहिणीच्या कानावर ते वेगळंच पडलं. तिच्या नावाची किंमत त्याच दुकानात, त्याच माणसानं, त्याच घासाघिशीत सांगितली होती. भाऊ चांगला म्हणून ती वाचली. ज्या बाईचा भाऊ तसा नाही तिचं काय होत असेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सातबाऱ्यावर आपलं नाव कधी लागलंच नाही, हे वर्षानुवर्षांनी कळलेल्या बहिणी आपल्याकडे गावोगावी आहेत. नोंदीनं मालकी ठरत नाही, हक्क कोर्टात मागता येतो, हे खरं. पण तोवर जमीन दोन हात पुढे गेलेली असते.

मला या प्रकरणात सर्वात महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट इथेच आहे. योग्य कामासाठी लवकर व्हावं म्हणून दिलेले पैसे आणि चुकीच्या कामासाठी दिलेले पैसे यांत आपण मनाशी भिंत घालतो: पहिले नाइलाजाचे, दुसरे पापाचे. देणाऱ्याच्या बाजूनं ती भिंत असेलही. घेणाऱ्याच्या बाजूनं नसते. तो एकच गोष्ट विकतो, कोणाची नोंद कधी धरायची आणि कशी धरायची यावरचा ताबा. त्यातलं "कधी" आपण विकत घेतलं की "कशी" विकणारा माणूसही आपल्याच पैशांवर त्या खुर्चीशेजारी टिकतो.

भ्रष्टाचार प्रतिबंधाच्या प्रश्नावर केंद्र सरकारनं नेमलेल्या संथानम समितीनं 1964 सालच्या अहवालात असल्या पैशांची नेमकी दखल घेतली होती. काम चुकीचं नसतं, पैसे फक्त लवकर व्हावं म्हणून दिले जातात. पण याची सवय लागली की पैसे मिळेपर्यंत कागद हलवायचाच नाही अशी रीत पडते आणि ज्यांना घाई नाही त्यांचंही काम अडतं, असं समितीनं मांडलं होतं. म्हणजे पैशानं उशीर कमी होत नाही, उशीर तयार होतो. आपण मोजतो ते आपल्या एका कामाचा वाचलेला वेळ. मागे ज्यांचा वेळ गेला त्यांचा हिशेब आपल्या वहीत येत नाही.

या प्रकरणात तो हिशेब योगायोगानं समोर आला.

त्याच गावातल्या एक विधवा बाई, या घराच्या ओळखीच्या. नवरा गेल्यावर त्यांनी फेब्रुवारीतच वारस नोंदीचा अर्ज केला होता. महा ई-सेवा केंद्रातून ऑनलाइन भरला होता, त्यामुळे त्यांच्याकडे तारखेची पावती होती. थोरल्या बहिणीला त्या खरेदीखताच्या सुमारास भेटल्या आणि सहज म्हणाल्या, "तुमची नोंद झाली का गं? माझं अजून बघतायत." बहिणीनं त्यांची पावती पाहिली. मग "आपली चावडी" या संकेतस्थळावर गावाची फेरफारांची यादी उघडली. तिथे फेरफार क्रमांक, नोंदीचा प्रकार आणि हरकतीची मुदत कोणालाही दिसते. फेरफार क्रमांक ओळीनं पडतात. भावाचा एप्रिलचा अर्ज मेअखेरच्या क्रमांकावर होता. बाईंचा फेब्रुवारीचा अर्ज यादीत नव्हताच.

बाईंचा तोटा पैशांत मोजता येतो. त्यांना खरीपासाठी सोसायटीचं पीक कर्ज हवं होतं. वेळेत फेडलं तर 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज राज्यात बिनव्याजी पडतं. पण सातबाऱ्यावर मयताचं नाव असताना सोसायटी कर्ज देणार कोणाला? बाईंनी दागिने गहाण टाकून बियाणं-खत घेतलं. महिन्याचं व्याज सुरू झालं.

इथे प्रामाणिक राहायला हवं. भावानं 8,000 दिले नसते तर बाईंची नोंद लगेच झाली असती का? बहुधा नाही. तिच्याकडून पैसे येईनात म्हणून तो अर्ज पडून होता, या घरानं दिले म्हणून नाही. त्यामुळे "तुझ्यामुळे तिचे दागिने गेले" हा आरोप भावावर करता येणार नाही, आणि बहिणीनं तो केलाही नाही. पण बाईंच्या शांत बसण्याचा अर्थ "ही पैसे देणार नाही" असा लागतो, तो इतर सगळे देतात म्हणूनच. कोणीच देत नसतं तर न देणं हे नुसतं सामान्य वागणं असतं. भावाचा वाटा इतकाच आहे, लहान आहे, पण शून्य नाही. पैसे देणारा प्रत्येक जण न देणाऱ्याला थोडं आणखी मागे ढकलतो, आणि न देणाऱ्यांत तत्त्वनिष्ठ थोडे असतात. बहुतेकांकडे पैसे नसतात.

आता नाइलाज. भावाच्या बाजूचा हा सर्वात भक्कम मुद्दा, म्हणून तो नीट तपासू. बळजबरी झालेल्या माणसाला आपण दोष देत नाही, आणि कायदाही देत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली तेव्हापासून लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. पण ज्याला देणं भाग पडलं त्याला त्यातून सूट आहे, अट एवढीच की दिल्यापासून सात दिवसांत त्यानं तपास यंत्रणेला कळवावं. देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवून सापळ्यात सहभागी झाला तर तोही सुटतो.

भावाला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी गेला नसता, असं तो स्वतः म्हणाला. 1064 वर फोन करायचा, तक्रार द्यायची, मग पंचांसमोर मागणीची पडताळणी, त्यासाठी रेकॉर्डर खिशात ठेवून पुन्हा झिरोशी बोलायचं, नंतर पावडर लावलेल्या नोटा घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायचं. आणि पुढे कोर्टात साक्ष. ज्या गावात जमीन आहे तिथल्या दप्तराशी माणसाचा संबंध जन्मभराचा असतो. आज एक तलाठी पकडून दिला तर उद्याचा मोजणीचा अर्ज, परवाचा दुरुस्तीचा अर्ज कोणाकडे जाणार, ही भीती खोटी नाही. सापळ्यासाठी जे धैर्य लागतं ते प्रत्येकाकडून मागायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही.

पण सापळा आणि 8,000 यांच्या मध्येही बरंच काही होतं. अर्ज ऑनलाइन करता आला असता, म्हणजे तारीख पक्की झाली असती. कार्यालयातल्या अर्जाची पोच मागता आली असती. त्रुटी असेल तर लेखी द्या, असं म्हणता आलं असतं. महिना झाल्यावर तहसीलदारांकडे एक पानी अर्ज करता आला असता. यातल्या एकाही गोष्टीला शौर्य लागत नाही. वेळ लागतो. आणि वेळ का उरला नव्हता? मूळ अर्ज सहा महिन्यांनी दिला आणि जूनअखेरची मुदत इसार पावतीत स्वतः कबूल केली म्हणून. अडवणूक झिरोनं केली, त्यात शंका नाही. पण त्या अडवणुकीपुढे इतकं उघडं पडण्यात घराचाही हात होता. दुःखाच्या दिवसांत कागदपत्रं मागे पडतात हे मी समजू शकतो. तरी नाइलाज म्हणताना किती भाग दुसऱ्यानं लादला आणि किती आपल्या ढिलाईतून आला, हे वेगळं मोजायला हवं.

बहिणीच्या बाजूकडेही तेवढ्याच कठोरपणे पाहायला हवं. तिनं 2,000 दिले नाहीत. पण जूनअखेर झालेल्या खरेदीखताचा तिचा वाटा तिच्या खात्यात आला. त्या 8,000 नी मिळवलेला वेळ तिनंही वापरला. पैसे कोणाच्या खिशातून गेले यानं फार फरक पडत नाही. पैसे न देऊन ती यातून बाहेर पडली असं मी मानत नाही, आणि भावाला तिचा राग आला तो मला समजतो. आई म्हणाली, "तिचे 2,000 माझ्यातून घे, पण भांडू नका." भावानं शेवटी तिघांत भागलं.

बहिणीनं जे केलं त्यातलं मला मोलाचं वाटतं ते यानंतरचं. ती बाईंना घेऊन बसली. फेब्रुवारीच्या पावतीची झेरॉक्स लावून तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला. त्यात कोणावर आरोप नव्हता. अर्जाची तारीख, आजची तारीख, नोंद न धरण्याचं कारण लेखी कळवावं ही विनंती, आणि फेब्रुवारीनंतर आलेला एक अर्ज मेमध्ये नोंदला गेला असल्याचा उल्लेख, त्याच्या फेरफार क्रमांकासह. तो क्रमांक तिच्या स्वतःच्या घराचा होता. आवक शिक्का मारलेली प्रत बाईंकडे ठेवली. जुलैत बाईंची नोंद धरली गेली, ऑगस्टमध्ये मंजूर झाली. खरिपाचं कर्ज हुकलं ते हुकलंच.

त्या क्रमांकाबद्दल भाऊ बहिणीशी काही दिवस बोलत नव्हता. त्याच्या मते तिनं घरच्या माणसाला अडचणीत आणलं. वस्तुतः नोंद वैध होती, ती कोणी रद्द करणार नव्हतं, आणि अर्जात पैशांचा शब्दही नव्हता. पण आपली गोष्ट कागदावर आली याचाच त्याला त्रास झाला. ज्यानं फक्त आपलं हक्काचं घेतलं त्याला नुसती तारीख उघड झाल्यानं इतकं का बोचावं? मला वाटतं, त्या बाईंना ओलांडून आपण पुढे गेलो, हे त्याला आतून कळलं होतं. त्याच्या चांगुलपणाबद्दलचं माझं मत त्यामुळे कमी झालं नाही, उलट वाढलं.

अर्थतज्ज्ञ कौशिक बसू केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना 2011 मध्ये त्यांनी एक सूचना मांडली होती. हक्काच्या कामासाठी अडवून घेतलेली लाच देणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका, उलट त्याला पैसे परत मिळू द्या, म्हणजे तो नंतर घेणाऱ्याविरुद्ध उभा राहील. देणारा आणि घेणारा एकमेकांना सांभाळून घेतात ती गाठ यानं सुटेल, असा त्यामागचा विचार. या घरापुरतं तरी मला ते पटत नाही. भाऊ शिक्षेच्या भीतीनं गप्प नव्हता, शिक्षेचं कलमच त्याला माहीत नव्हतं. तो गप्प होता कारण त्याचं काम झालं होतं आणि त्याच दाराशी पुन्हा जावं लागणार होतं. आणि 8,000 परत मिळाले असते तरी बाईंचं व्याज त्यात कुठे येतं?

राहिला खरेदीदार. नोंदणीकृत खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून तलाठ्याकडे ऑनलाइन जाते, वेगळा अर्जही करावा लागत नाही. तरी त्यानं खरेदीखताच्या दिवशीच भावाला बाजूला घेऊन विचारलं, "इथे नोंदीला किती लागतात?" भावानं सांगितलं, "मी आठ दिले." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, माहिती विचारली, त्यानं दिली. पण झिरोनं 12,000 मागितले होते आणि 8,000 घेतले होते, म्हणजे त्याच्याकडे ठरलेला दर नव्हता. त्या दुपारी तो ठरला, आणि पुढच्या माणसानं तो झिरोला न भेटताच मान्य केला. पैसे देण्यापेक्षा मला ही गोष्ट अधिक गंभीर वाटते. देताना भावावर दबाव होता, दर सांगताना नव्हता. तेवढ्याच सहजपणे त्याला म्हणता आलं असतं, "तुमची नोंद आपोआप जाते. 15 दिवसांनी चावडीवर बघा, नाही दिसली तर लेखी विचारा."